रमीचा डाव व्यसन कधी बनतो? घरच्यांनी कोणत्या खुणा ओळखायच्या आणि बोलायचं कसं?

गौरी-गणपतीच्या रात्री जागरणाला मेंढीकोट, मे महिन्याच्या सुट्टीत बदामसात, दिवाळीत भाऊबीजेनंतर चार आण्याची तीन पत्ती. आपल्याकडे पत्ते हा घरातला खेळ आहे. त्यामुळे घरातलं कुणी पत्त्यांवर पैसे लावतंय हे कळलं, तरी सुरुवातीला कुणाला त्यात काही गंभीर वाटत नाही. "टाइमपास करतोय", "दारू तर पीत नाही ना" अशी वाक्यं ऐकू येतात.

गेल्या काही वर्षांत हे पत्ते मोबाइलमध्ये आले आणि खेळाचं स्वरूप बदललं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगसंबंधीचा कायदा मंजूर केला. २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची मोहोर उमटली. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ या कायद्याने बेकायदेशीर ठरवले, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे. त्यानंतर देशातल्या मोठ्या रमी आणि पोकर कंपन्यांनी पैशांचे डाव बंद केले.

ॲप बंद झालं म्हणून अनेक घरांनी सुटकेचा श्वास सोडला. काही घरांत मात्र रात्रीचा खेळ सुरूच राहिला. तो परदेशी वेबसाइटवर, टेलिग्रामच्या ग्रुपवर किंवा गावातल्या एखाद्या अड्ड्यावर सरकला. कर्ज तर कुठेच गेलं नव्हतं.

हा लेख अशा घरांतल्या माणसांसाठी आहे: बायको, आई, भाऊ, मुलगी. खेळ हाताबाहेर गेलाय हे ओळखायचं कसं आणि ओळखल्यावर त्या माणसाला न तोडता काय करायचं, एवढ्या दोनच गोष्टी आपण नीट पाहू.

"पण रमी तर कौशल्याचा खेळ आहे ना?"

घरात विषय निघाला की पहिलं उत्तर हेच येतं. त्यात तथ्य आहे, म्हणून ते समजून घेऊ.

सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली आंध्र प्रदेश सरकार विरुद्ध के. सत्यनारायण या खटल्यात म्हटलं होतं की, रमीत मुख्यतः कौशल्य लागतं. कोणती पानं पडली हे लक्षात ठेवावं लागतं, कोणतं ठेवायचं आणि कोणतं टाकायचं हे ठरवावं लागतं. तीन पत्तीसारखे खेळ मात्र न्यायालयाने निव्वळ नशिबाचे मानले. ऑनलाइन रमीच्या कंपन्या वर्षानुवर्षं याच निकालाचा आधार घेत होत्या. २०२५ च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळापुरता हा फरकच काढून टाकला आणि त्याला न्यायालयात आव्हानही दिलं गेलं.

कायद्याचा हा वाद एका बाजूला ठेवू. घराच्या दृष्टीने प्रश्न वेगळा आहे: कौशल्य असलं तरी पैसे कसे जातात?

पॉइंट रमीचा साधा हिशेब करून पाहू. यात हरणाऱ्याच्या हातातल्या पानांचे गुण मोजतात, जास्तीत जास्त ८०. गुणाला जो भाव ठरलेला असेल, त्याने गुणून येणारी रक्कम जिंकणाऱ्याला मिळते. त्यातून ॲप स्वतःचं कमिशन कापून घेतं.

समजा, अगदी सारख्या तयारीचे दोन खेळाडू आहेत. गुणाचा भाव १० रुपये. हरणारा सरासरी ४० गुणांनी हरतो, म्हणजे ४०० रुपये. ॲपने त्यातले १० टक्के, म्हणजे ४० रुपये घेतले. निम्मे डाव एकाचे आणि निम्मे दुसऱ्याचे, म्हणजे प्रत्येक डावाला प्रत्येकाच्या खिशातून सरासरी २० रुपये गेले. घरी पिसून वाटून खेळायला वेळ लागतो, मोबाइलवर तासाला १५ डाव सहज होतात. तासाचे झाले ३०० रुपये. रोज रात्री चार तास, महिन्यातले २५ दिवस, म्हणजे १०० तास. महिन्याला ३०,००० रुपये.

या उदाहरणात कुणीही वाईट खेळलेलं नाही. दोघंही बरोबरीचे आहेत आणि तरीही दोघांचेही तीस-तीस हजार गेले. समोरचा जास्त तयारीचा असेल तर आकडा याहून वाढतो. शिवाय समोर खरा माणूस आहे की यंत्र, हे बेकायदेशीर ॲपवर कळायला काही मार्ग नसतो.

म्हणून "तुला खेळता येत नाही" हा वाद घरात घालू नका. त्याला कदाचित चांगलं खेळता येत असेल. तोटा खेळाच्या रचनेतच आहे.

छंद आणि आजार यांच्यातली रेषा

जुगाराच्या विकाराची नोंद जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेने २०१३ मध्ये तो दारू आणि ड्रग्जच्या व्यसनांच्याच गटात नेला. त्या पुस्तिकेत नऊ लक्षणं दिली आहेत. एका वर्षात त्यातली चार किंवा जास्त दिसली तर डॉक्टर निदानाचा विचार करतात. नऊच्या नऊ पाठ करायची गरज नाही. घरातून ज्या दिसतात, त्यांचे तीन गट करता येतात.

पहिला गट ओढीचा. डोक्यात सतत खेळ असतो. पूर्वी ५० रुपयांत मजा यायची, आता ५०० लावल्याशिवाय चैन पडत नाही. बंद करायचा प्रयत्न केला की चिडचिड होते, झोप लागत नाही. "या महिन्यापासून बंद" असं स्वतःहून म्हणून पुन्हा सुरू झालेलं असतं. ऑफिसमध्ये काही बिनसलं, घरात भांडण झालं, की हात आधी मोबाइलकडे जातो.

दुसरा गट हरलेल्या पैशांमागे धावण्याचा. ही सगळ्यात महत्त्वाची खूण आहे. छंद म्हणून खेळणारा दोनशे हरला की "आज दिवस नव्हता" म्हणून उठतो. समस्या असलेला माणूस हरला म्हणून बसून राहतो. दोन हजार गेले म्हणून चार हजार टाकतो. "फक्त गेलेले परत आले की बंद" हे वाक्य तुमच्या कानावर पडलं असेल, तर ते गांभीर्याने घ्या. बोलणारा ते मनापासूनच बोलत असतो. पण गेलेली रक्कम दर आठवड्याला वाढत जाते आणि थांबायची जागा तेवढीच पुढे सरकत राहते.

तिसरा गट लपवण्याचा. किती खेळलो, किती गेले, पैसे कुठून आणले, याबद्दल खोटं बोलणं. मित्र, नातेवाईक, ऑफिसातले सहकारी यांच्याकडून वेगवेगळी कारणं सांगून उसने घेणं. नोकरी किंवा नातं पणाला लागलं तरी खेळत राहणं.

जुगाराच्या समस्येची पहिली चाचपणी करण्यासाठी तज्ज्ञ कधीकधी फक्त दोन प्रश्न विचारतात. अधिकाधिक पैसे लावावेसे वाटतात का? आणि किती खेळता याबद्दल जवळच्या माणसांशी खोटं बोलावं लागलं आहे का? एकाचंही उत्तर "हो" असेल, तर पुढे नीट तपासायला हवं. हे निदान नव्हे. ताप आहे का हे बघायला कपाळाला हात लावतो, तसं हे आहे.

दारूचा वास येतो, पत्त्यांचा येत नाही

या व्यसनात तोल जात नाही, डोळे लाल होत नाहीत. माणूस शेजारी बसून खेळत असतो आणि घरच्यांना वाटतं तो रील्स बघतोय. त्यामुळे बहुतेक घरांना पहिली खूण पैशांतून दिसते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. सांगलीजवळच्या एका कारखान्यात काम करणारा पस्तिशीचा माणूस आहे. हातात पगार ३४,००० रुपये येतो. घरखर्च २२,०००, गाडीचा हप्ता ३,२००. गेल्या दोन महिन्यांपासून महिन्याच्या दहा तारखेलाच खात्यात खडखडाट होतोय. विचारलं की "पगार कापलाय", "मित्राला दिले" अशी उत्तरं येतात. शेवटी नवरा-बायको एकत्र बसून बँकेचं स्टेटमेंट उघडतात.

सात तारखेच्या रात्रीच्या नोंदी अशा आहेत: ११.४२ ला ५०० रुपये, ११.५८ ला ५००, १२.२० ला १,०००, १२.५१ ला २,०००, १.१७ ला ४,०००. सुमारे दीड तासात ८,००० रुपये. दुसऱ्या दिवशी सकाळी एका मित्राकडून १०,००० रुपये जमा.

या नोंदी नीट वाचल्या तर वर सांगितलेले तिन्ही गट त्यात दिसतात. रकमा गोल आहेत. किराणा किंवा पेट्रोलच्या बिलासारख्या सुट्या नाहीत. वेळ मध्यरात्रीची आहे. दोन नोंदींमधलं अंतर फार तर अर्ध्या तासाच्या आसपास आहे आणि रक्कम दुप्पट होत गेली आहे. हरलेल्यामागे धावणं कागदावर असं दिसतं. सकाळचे दहा हजार म्हणजे उसनवारी.

कायदा आल्यानंतरच्या नोंदींत आणखी एक फरक दिसू शकतो. पूर्वी पैसे कंपनीच्या नावाने जायचे. आता ते अनोळखी व्यक्तींच्या यूपीआय आयडीवर जातात आणि दर वेळी नाव वेगळं असतं. बेकायदेशीर ॲप अनेकदा दुसऱ्यांच्या नावावरची खाती वापरतात. तसल्या खात्याची पोलिस चौकशी सुरू झाली, तर आपलंही खातं गोठवलं जाण्याचा धोका असतो.

तीन महिन्यांची बेरीज केली तेव्हा गेले ७१,५०० आणि परत आले १९,२००. नवऱ्याला आठवत होते ते परत आलेले १९,२००. यात त्याचा कावा असेलच असं नाही. जिंकलेला डाव ठळक लक्षात राहतो आणि "एकाच पानाने हुकलं" असा हरलेला डावही मेंदूला जवळजवळ जिंकल्यासारखाच वाटतो. त्यामुळे त्याच्या आठवणीतला हिशेब आणि बँकेचा हिशेब कधीच जुळत नाही. कागद समोर ठेवायचा तो म्हणूनच. त्यात उलटतपासणीचा हेतू नसावा.

पैशांखेरीज इतरही खुणा असतात. बाथरूममध्ये फोन घेऊन तासभर बसणं, मोबाइल नेहमी उपडा ठेवणं, एकदम नवा पासवर्ड टाकणं, पगाराच्या दिवशी विलक्षण खुशीत आणि चार दिवसांनी गप्प असणं. घरातलं सोनं "लॉकरमध्ये ठेवलंय" असं सांगितलं जाणं. यातली एखादी खूण दुसऱ्या कारणानेही असू शकते. तीन-चार एकत्र दिसल्या तर बोलायची वेळ आली आहे.

बोलायचं कधी आणि कसं?

बहुतेक घरांत पहिलं बोलणं चुकीच्या वेळी होतं. रात्री दीड वाजता स्क्रीन दिसते आणि स्फोट होतो. त्या क्षणी तो नुकताच हरलेला असतो किंवा डावाच्या मध्यात असतो. त्याच्या कानावर शब्द पडतात, आत काही जात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, मुलं शाळेत गेल्यावर, चहा घेताना बोललेलं जास्त उपयोगी पडतं. सासू-सासरे, मेव्हणे, शेजारी यांच्यासमोर विषय काढू नका. चारचौघांत लाज गेलेला माणूस पुढच्या वेळी अधिक चांगलं लपवतो, एवढंच होतं.

शब्दांचाही फरक पडतो. "तुम्ही जुगारी आहात, घर बुडवलंत" या वाक्याला एकच उत्तर असतं: "नाही." त्याऐवजी असं म्हणता येईल: "अहो, या महिन्यात दहा तारखेलाच पैसे संपले. स्टेटमेंटमध्ये रात्रीच्या नोंदी दिसल्या. मला भीती वाटतेय. तुम्हालाही याचा त्रास होत असणार. किती आहे ते आपण दोघं मिळून बघू या का?" यात तीन गोष्टी आहेत. जे दिसलं ते, मला काय वाटतं ते आणि पुढचं एक छोटं पाऊल. माणसावर शिक्का मारलेला नाही.

पहिल्याच बोलण्यात सगळं बाहेर येईल असं धरू नका. आकडा साधारणपणे हप्त्याहप्त्याने बाहेर येतो. आधी तीस हजार सांगितले जातात, मग साठ, मग आणखी एक ॲप निघतं. प्रत्येक वेळी "पुन्हा खोटं बोललात!" असा भडका उडाला, तर उरलेला आकडा आतच राहतो. "बरं झालं सांगितलंत. अजून काही राहिलं असेल तर तेही याच यादीत लिहू" एवढंच म्हणा. राग येणं स्वाभाविक आहे. तो बहिणीजवळ, मैत्रिणीजवळ, समुपदेशकाजवळ मोकळा करा, पण तो या यादीच्या आड येऊ देऊ नका.

आणि तो ज्या संध्याकाळी खेळला नाही, त्या संध्याकाळी त्याच्यासोबत बसा. जेवण एकत्र करा, फेरफटका मारा. हे दिसायला साधं आहे, पण व्यसनी माणसाच्या कुटुंबांसाठी तयार झालेल्या उपचारपद्धतींत यावर मोठा भर असतो. खेळ बंद असतानाचा वेळ घरात सुखाचा गेला पाहिजे. सोडल्यावरही टोमणेच मिळणार असतील, तर सोडायचं कशासाठी, असं त्याला वाटू लागतं.

कर्ज फेडून टाकावं का?

प्रेमापोटी होणारी सगळ्यात मोठी चूक इथे होते. आई पाटल्या काढून देते, वडील एफडी मोडतात, भाऊ एकरकमी कर्ज फेडतो. "आता स्वच्छ पाटी, पुन्हा करू नकोस" असं सांगितलं जातं. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तेच होतं. दडपण एका दिवसात नाहीसं झालं, पण खेळाची ओढ होती तिथेच राहिली. शिवाय शेवटी घर सांभाळून घेतं, हेही मनात नोंदलं गेलं.

याचा अर्थ त्याला वाऱ्यावर सोडावं असा नाही. मदत पैशांऐवजी व्यवस्थेची करा.

आपल्या उदाहरणात दोघांनी वहीत यादी केली. मित्रांचे २५,०००, तीन लोन ॲपचे मिळून १८,०००, सोनेतारण ६०,०००, क्रेडिट कार्ड २२,०००. एकूण १,२५,०००. पहिल्या दिवशी त्याने सांगितलेला आकडा होता ३०,०००. काही लपलंय का हे बघायला त्याने स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट काढला. प्रत्येक क्रेडिट कंपनीकडून वर्षातून एकदा तो मोफत मिळतो आणि बँका व नोंदणीकृत वित्तसंस्थांची कर्जं त्यात दिसतात. मित्रांची उसनवारी आणि बेकायदेशीर लोन ॲप त्यात दिसत नाहीत, ती विचारूनच कळतात.

घरखर्च आणि गाडीचा हप्ता जाऊन महिन्याला ८,८०० उरतात. अडीअडचणीला थोडे ठेवून ७,००० फेडीला काढले, तर व्याज न धरता अठरा महिने लागतात. व्याज धरलं की त्याहून जास्त. हा काळ ऐकून निराशा येते, पण हाच आकडा "एक मोठा डाव लागला की सगळं फिटेल" या स्वप्नाला उत्तर असतो. क्रम त्यांनी असा लावला: सोन्याचं व्याज थकू द्यायचं नाही, नाहीतर दागिने लिलावात जातील. कार्डाची थकबाकी बँकेशी बोलून हप्त्यांत बसवायची. उरलेल्या पैशांतून आधी लोन ॲप संपवायचे, कारण त्यांचं व्याज आणि दंड सगळ्यात वेगाने वाढतो. मित्रांना खरं कारण आणि खरी तारीख सांगायची.

मित्रांना सांगणं त्याला सगळ्यात जड गेलं असतं. पण त्याचा एक फायदा आहे: खरं कळलेला मित्र पुन्हा उसने देत नाही.

वसुलीसाठी अपरात्री फोन, नातेवाइकांना मेसेज, फोटो व्हायरल करण्याची धमकी हे प्रकार सुरू असतील, तर घाबरून नवं कर्ज काढू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार वसुली एजंटने थकीत कर्जासाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करणं चुकीचं आहे. धमक्या आणि फसवणुकीची तक्रार १९३० या क्रमांकावर किंवा cybercrime.gov.in वर करता येते. बेकायदेशीर गेमिंग साइट "तुमचे जिंकलेले पैसे सोडवायला आधी फी भरा" म्हणत असेल, तर ती फसवणूक समजा. पोलिसांकडे जायला अनेक जण घाबरतात, कारण आपणही खेळलो होतो. नव्या केंद्रीय कायद्यात शिक्षा खेळ चालवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आणि पैशांची देवाणघेवाण पुरवणाऱ्याला आहे. ऑनलाइन खेळणाऱ्याला नाही. प्रत्यक्ष अड्ड्यावर बसून खेळण्याला मात्र राज्याचा जुगारबंदी कायदा लागू होतो.

मोबाइल काढून घ्यायचा का?

जबरदस्तीने काढून घेतला, तर दुसरा फोन येतो. त्याच्या संमतीने केलेले बदल टिकतात. पगाराचं खातं संयुक्त करणं किंवा पगार जमा झाला की घरखर्चाची रक्कम आपोआप दुसऱ्या खात्यात वळवणं. यूपीआयची रोजची मर्यादा कमी करून घेणं. क्रेडिट कार्ड बंद करणं. अनोळखी ॲप, टेलिग्राम ग्रुप आणि "बोनस" पाठवणारे नंबर एकत्र बसून ब्लॉक करणं. रात्री फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावणं, आणि हा नियम घरातल्या सगळ्यांना. "सहा महिने असं करून बघू, मग पुन्हा ठरवू" अशी मुदत ठेवली, तर माणसाला आपण कैदी झालोय असं वाटत नाही.

या उपायांनी ओढ जात नाही. ओढ आली आणि पैसे हातात आले, यांमध्ये थोडा वेळ घालण्याचं काम ते करतात. ही ओढ लाटेसारखी चढते आणि ओसरते, त्यामुळे मधल्या अर्ध्या तासाला किंमत आहे.

घसरण होऊ शकते, तेही आधीच बोलून ठेवा. दोन महिन्यांनी एखाद्या रात्री तो पुन्हा खेळला, तर त्याने दुसऱ्या दिवशी सांगायचं आणि तुम्ही आकांत न करता ऐकायचं, असा करार करा. किती गेले यापेक्षा त्या दिवशी काय घडलं होतं, हे विचारलंत तर पुढच्या वेळची तयारी होते.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

स्वतः ठरवून दोन-तीनदा बंद करायचा प्रयत्न फसला असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञाकडे जा. विचार आणि वर्तन यांवर काम करणारी समुपदेशनाची पद्धत या विकारात उपयोगी ठरते. सोबत नैराश्य किंवा दारू असेल तर त्याचेही उपचार लागतात. सरकारच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. फोन घरच्यांनीही करता येतो. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागातही जाता येईल.

एक गोष्ट कमी लोकांना माहीत असते. पार्किन्सन्सच्या आजारात दिली जाणारी काही औषधं, उदाहरणार्थ प्रॅमिपेक्सोल आणि रोपिनिरोल, काही रुग्णांत जुगाराची अनावर ओढ निर्माण करतात. आयुष्यभर पत्त्यांना हात न लावलेले आजोबा अशा गोळ्या सुरू झाल्यावर अचानक पैसे लावून खेळू लागले, तर औषध परस्पर बंद न करता लगेच डॉक्टरांना सांगा. एरवी शांत असलेला माणूस अचानक झोप न घेता, अफाट उत्साहात पैसे उधळू लागला, तरीही डॉक्टरांना दाखवायला हवं.

सगळ्यात तातडीची खूण वेगळी आहे. "माझ्या विम्याचे पैसे तरी तुम्हाला मिळतील", "मी नसलो तर बरं होईल" असं बोलणं, कागदपत्रं आवरून ठेवणं, सगळ्यांना उगाच निरोपाचे फोन करणं. कर्जाचा आकडा उघड झाल्यानंतरचे काही दिवस सगळ्यात नाजूक असतात. अशा वेळी सरळ विचारा: "जीव द्यायचा विचार मनात येतोय का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर "हो" असेल तर त्याला एकटं सोडू नका, कीटकनाशक आणि गोळ्या हाताशी ठेवू नका, १४४१६ ला फोन करा आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या. कर्जाची यादी आठवडाभर थांबू शकते.

आणि बायकोने, आईने, भावाने स्वतःसाठीही मदत घ्यावी. खेळ तुमच्यामुळे सुरू झालेला नाही आणि तो थांबवणं एकट्या तुमच्या हातात नाही. घरात मारहाण होत असेल, किंवा तुमच्या सहीने, तुमच्या नावावर कर्ज काढलं जात असेल, तर समजुतीच्या गोष्टी बाजूला ठेवून आधी स्वतःची आणि मुलांची सोय बघा. तुमचं बँक खातं, एटीएमचा पिन, आधारशी जोडलेला फोन आणि दागिने तुमच्याच ताब्यात असू द्या. त्याच्यावर माया असूनही हे करता येतं.